वारा उजवीकडे वळतो म्हणतात, मग चक्रीवादळ डावीकडे का गरगरतं?

पाथर्डीफाटा
मंडळी, एक साधा वाटणारा प्रश्न आहे, पण सुटत नाहीये. भूगोलाच्या पुस्तकात वाक्य आहे: पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वारे आपल्या उजवीकडे वळतात, दक्षिण गोलार्धात डावीकडे. ठीक. आता जून २०२० च्या निसर्ग वादळाची उपग्रहाची चित्रफीत काढून पाहा. ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतंय, म्हणजे त्यातला वारा सतत डावीकडे वळतोय. पुस्तक चुकलंय की मी? आणि ऑस्ट्रेलियाकडची वादळं बरोबर उलटी फिरतात, ते का?

सातपूरकर
सोपं आहे. विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी १६७० किमी वेगाने धावते. नाशिक २० अंशांवर आहे, इथला वेग ताशी १५७० च्या आसपास. तिकडून उत्तरेला निघालेली हवा तिकडचा जास्तीचा वेग घेऊन येते, म्हणून ती जमिनीच्या पुढे, पूर्वेकडे सरकते. उत्तरेकडे जाताना पूर्व म्हणजे उजवीकडे. झालं. बेसिनचं पाणीसुद्धा याच कारणाने आपल्याकडे उलटं आणि सिडनीत सुलटं फिरतं.

पाथर्डीफाटा
हे उजवीकडे का वळतं याचं उत्तर झालं. वादळ डावीकडे का फिरतं ते राहिलंच की.

भोवरा
पुस्तक बरोबर आहे आणि तुमचं निरीक्षणही. गोंधळ होतो कारण आपण हवेचा एक झोत आणि अख्खं वादळ यांना एकच समजतो.

कागदावर मध्ये एक ठिपका काढा, तो कमी दाबाचा मध्य. चारी बाजूंनी हवा तिकडे ओढली जाते. दक्षिणेकडून आलेली हवा उत्तरेला निघाली, वाटेत थोडी उजवीकडे म्हणजे पूर्वेकडे सरकली. तिचा नेम चुकला. ती ठिपक्यावर न जाता त्याच्या पूर्वेच्या अंगाने पुढे निघाली. पूर्वेकडून आलेली हवा पश्चिमेला जाताना उजवीकडे, म्हणजे उत्तरेला सरकली आणि ठिपक्याच्या उत्तरेच्या अंगाने गेली. उत्तरेची पश्चिमेच्या अंगाने, पश्चिमेची दक्षिणेच्या अंगाने. आता चारही बाण जोडून पाहा. प्रत्येक बाणाने मध्य आपल्या डाव्या हाताला ठेवलाय आणि चौघांचं मिळून जे चक्र होतं ते काट्यांच्या उलट फिरतं. प्रत्येकजण उजवीकडे चुकला म्हणून सगळ्यांचा फेरा डावा झाला.

नाशिककरांना लक्षात ठेवायला सोपं आहे. ब्रह्मगिरीची फेरी करताना डोंगर आपल्या उजव्या हाताला राहतो, ती प्रदक्षिणा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. आपल्याकडचं वादळ मध्याला उलटी प्रदक्षिणा घालतं. सुलटी घालतात ती दक्षिण गोलार्धातली, उदाहरणार्थ मार्च २०१९ मध्ये मोझांबिकवर गेलेलं इदाई.

पाथर्डीफाटा
चित्र काढलं, जमलं. पण मग ती हवा पुढे उजवीकडेच वळत वळत लांब का निघून जात नाही? एकदा नेम चुकला की सुटली.

भोवरा
कारण मध्याची ओढ संपलेली नसते. हवा त्याच्या बाजूने निघाली की कमी दाब तिला डावीकडे, आत ओढतो आणि कोरिऑलिस, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला बाजूला वळवणारा तो रेटा, तिला उजवीकडे, म्हणजे बाहेर रेटतो. आतली ओढ जास्त भरते, म्हणून वाट आतल्या बाजूला वाकते आणि हवा फेऱ्यात अडकते. म्हणजे चालू वादळात कोरिऑलिस हवेला फिरवत नाही, उलट बाहेर ढकलून फेरा सैल करायला बघतो. फिरायचं कोणत्या बाजूने, एवढं मात्र त्यानेच सुरुवातीला ठरवलेलं असतं. पुष्कळ लेखांत 'कोरिऑलिस बल हवेला गोल फिरवतं' असं लिहितात, ते तिथेच घसरतात.

सातपूरकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. अगदी मोजूनच अर्धं. जमिनीच्या वेगातला फरक धरून हिशेब केला की वळण खऱ्याच्या निम्मंच निघतं. अठराव्या शतकात हॅडलीने व्यापारी वाऱ्यांचं स्पष्टीकरण असंच दिलं होतं. उत्तरेला जाणारी हवा पृथ्वीच्या अक्षाच्या जवळ येत असते. जवळ आल्यावर तिचा वेग नुसता टिकत नाही, वाढतो, आणि राहिलेलं निम्मं तिथून येतं. शिवाय तुमच्या पद्धतीने सरळ पूर्वेला जाणारा वारा वळायलाच नको, कारण तो एकाच अक्षांशावर आहे. पण तोही उजवीकडे वळतो.

सातपूरकर
तो का वळेल? अक्षांश बदलतच नाही तर वेगात फरक कुठला?

भोवरा
पूर्वेला जाणारी हवा जमिनीपेक्षा जोरात फिरतेय. जत्रेतला पाळणा जोरात फिरवला की बाहेर फेकला जातो, तशी ती अक्षापासून लांब जाऊ पाहते. आपल्या २० अंशांवर 'अक्षापासून लांब' ही दिशा बरीचशी वर आणि थोडी दक्षिणेला असते. वरच्या भागाला गुरुत्व पुरून उरतं. दक्षिणेचा भाग उरतो, आणि पूर्वेकडे तोंड केल्यावर दक्षिण उजव्या हाताला येते. पश्चिमेला जाणारी हवा जमिनीपेक्षा सावकाश फिरते, तिचं याच्या उलट होतं, ती उत्तरेला सरकते. तीही तिची उजवी बाजूच.

निफाडचा_बागवान
आमच्याकडे एप्रिलमध्ये रिकाम्या रानात वावटळी उठतात. काही अशा फिरतात, काही तशा. त्या का नियम पाळत नाहीत? आणि अवकाळीत वारा एकदम उलटतो तेही हेच का? द्राक्षाच्या मांडवाला कोणत्या बाजूने जादा ताण द्यायचा ते कळलं असतं.

त्रिज्या
बागवान दादा, वावटळीचा आकडाच बघा. ५ मीटर त्रिज्या आणि सेकंदाला १० मीटर वारा धरला तर एक फेरा ३ सेकंदांत होतो. नाशिकच्या अक्षांशावर आपल्या पायाखालची जमीन उभ्या रेषेभोवती एक फेरा घ्यायला सुमारे ७० तास लावते. ३ सेकंदांच्या खेळात ७० तासांच्या चक्राला कोण विचारतो? बांध, झाड, ढेकळं यांनी वाऱ्याला जी आधी गिरकी दिली तीच वावटळ उचलते. म्हणून दोन्हीकडे फिरणाऱ्या दिसतात.

अवकाळीतला उलटणारा वारा वेगळा. तो ढगातून खाली आदळलेला गार झोत असतो, जमिनीवर सगळीकडे पसरतो. अर्ध्या तासात खेळ संपतो, तेवढ्यात पृथ्वीचं फिरणं हिशेबात येत नाही. त्याची दिशा ढग तुमच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरते, त्यामुळे मांडवाच्या ताणाचा नियम इथून निघणार नाही.

पाथर्डीफाटा
७० तास कुठून आले? पृथ्वी तर २४ तासांत फिरते.

त्रिज्या
ध्रुवावर पाट मांडून बसलात तर पाट दिवसात एक पूर्ण फेरा घेईल. विषुववृत्तावर बसलात तर पाट पृथ्वीबरोबर पूर्वेकडे कलंडत जाईल, पण जागच्या जागी गोल अजिबात फिरणार नाही. मधल्या ठिकाणी थोडं कलंडणं, थोडं फिरणं. फिरण्याचा वाटा अक्षांशाच्या साइनइतका. नाशिकला साइन २० म्हणजे ०.३४२, म्हणून ३६० ऐवजी दिवसाला १२३ अंश, तासाला ५ च्या थोडं वर. फुकोचा लंबक इथे टांगला तर तो याच गतीने सरकताना दिसेल.

कोरिऑलिसचा आकडा याच्या दुप्पट. Ω म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग, रेडियन प्रति सेकंदात, आणि φ म्हणजे अक्षांश:

```
f = 2 × Ω × sin(φ)
f = 2 × 0.0000729 × 0.342 = 0.00005 /s   (φ = 20°)
```

हा f वाऱ्याच्या वेगाने गुणला की बाजूला रेटणारा त्वरण मिळतो. अक्षांश दक्षिणेचा असेल तर साइन ऋण, f ऋण, आणि रेटा डावीकडे.

सातपूरकर
थांबा, मग हा आकडा फारच किरकोळ आहे. ३० मीटर प्रति सेकंद वाऱ्याला ०.०००५ × ३ की काय ते. एवढ्याशा रेट्याने वादळाची दिशा ठरते?

त्रिज्या
३० मीटर वाऱ्याला ०.००१५. मध्यापासून ३० किमीवर तोच वारा गोल फिरवायला आतून ०.०३ ची ओढ लागते, वीसपट. म्हणजे डोळ्याजवळ कोरिऑलिस खरंच किरकोळ आहे, तुमची शंका रास्त आहे. वादळाची दिशा तिथे ठरत नाही, शेकडो किलोमीटर बाहेर ठरते. तो हिशेब करून दाखवते.

मध्यापासून ३०० किमीवरची हवा घ्या. तिथे वारा शून्य आहे असं धरू, झाडाचं पान हलत नाही. तरी ती जमिनीबरोबर ७० तासांत एक फेरा या गतीने मध्याभोवती फिरतेच आहे. ३०० किमी त्रिज्येवर ती गती होते सेकंदाला ७.५ मीटर. हवा निश्चल दिसते कारण जमीनही तेवढीच फिरतेय. आता कमी दाबाने ही हवा ५० किमीपर्यंत आत ओढली. त्रिज्या सहापट कमी झाली की फिरण्याचा वेग सहापट होतो, गिरकी घेणारी नाचणारी बाई हात जवळ घेते तसा. ७.५ चे झाले ४५. त्यातून तिथल्या जमिनीचं स्वतःचं फिरणं, सव्वा मीटर, वजा करा. उरले जवळपास ४४ मीटर प्रति सेकंद, ताशी १५७ किमी. पान न हलवणाऱ्या हवेतून!

निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किमी होता. मधला फरक घर्षण खातं. हवा ५०० किमीवरून आणली तर हिशेबाने ताशी ४४५ निघतात, तसं कधी होत नाही. आत येणारी हवा समुद्राच्या पृष्ठभागाला घासत येते आणि वाटेत आपलं फिरणं समुद्राला देत जाते. म्हणून हा आकडा भाकितासाठी वापरू नका. दिशा मात्र त्यातून पक्की कळते: बाहेरून आत येणारी प्रत्येक हवा आपल्या गोलार्धाच्या जमिनीचं फिरणं बरोबर घेऊन येते.

पाथर्डीफाटा
आणि दक्षिणेत? पृथ्वी तर एकच आहे, एकाच दिशेला फिरते.

भोवरा
जातं घ्या. वरून बघणाऱ्याला काट्यांच्या उलट फिरताना दिसेल असं फिरवा. आता कल्पना करा, कुणी जात्याखाली झोपून वर बघतोय. त्याला तेच जातं काट्यांप्रमाणे फिरताना दिसेल. जात्याने दिशा बदलली नाही, बघणाऱ्याची बाजू बदलली. पर्थच्या माणसाचं 'वर' म्हणजे आपल्या उत्तर ध्रुवाच्या बाजूने पाहणाऱ्याचं 'खाली'. त्याच्या पायाखालची जमीन त्याला काट्यांप्रमाणे फिरणारी मिळते, म्हणून तिथल्या वादळाला तीच दिशा.

मे २०२२ ची उपग्रहचित्रं शोधा. बंगालच्या उपसागरात असानी आणि त्याच वेळी विषुववृत्ताच्या पलीकडे हिंदी महासागरात करीम, दोन्ही एकाच चित्रात आहेत. एक उलटं फिरतंय, एक सुलटं, आणि दोघांच्या मधल्या पट्ट्यात दोघांचाही वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतोय. दातेरी चाकांची जोडी एकमेकांत अडकून फिरावी तसं. अशी जुळी वादळं बऱ्याचदा विषुववृत्तावर पश्चिमेच्या वाऱ्याचा जोरदार लोट आल्यावर होतात. त्या लोटाच्या दोन काठांना दोन विरुद्ध गिरक्या मिळतात आणि दोन्ही आपापल्या गोलार्धाला सोयीच्या असतात.

सातपूरकर
बेसिनचं कुणी बोललं नाही. माझ्याकडे किचनचं सिंक कायम काट्यांच्या उलट फिरतं. रोज बघतो.

त्रिज्या
ते सिंकच्या आकाराने, नळ कुठे आहे त्याने आणि जाळी कुठल्या बाजूला बसलीय त्याने. नळाची तोटी दुसऱ्या बाजूला वळवून भरा, बहुतेक दिशा बदलेल. पाण्याची उरलेली हालचाल ७० तासांत एक फेरा यापेक्षा मंद झाली तरच पृथ्वीचं फिरणं वरचढ ठरेल. सिंकमध्ये दहा मिनिटांनीही पाणी त्याच्या शेकडोपट हलत असतं.

पण प्रयोग खरंच होतो. एमआयटीत अशर शपिरो यांनी १९६२ मध्ये केला होता. सुमारे सहा फूट रुंद, सपाट बुडाची गोल टाकी, सहा इंच पाणी, मध्यभागी बोटाएवढं भोक. टाकी मुद्दाम काट्यांप्रमाणे गरगरत भरली. एक-दोन तासांनी बूच काढलं तर पाणी भरताना दिलेल्या दिशेनेच फिरलं. २४ तास झाकून ठेवून काढलं तेव्हा उलटं, बॉस्टनच्या गोलार्धाला शोभेल असं. रिकामं व्हायला वीस मिनिटं लागली आणि पहिली बारा-पंधरा मिनिटं तर काहीच दिसलं नाही. १९६५ मध्ये सिडनीत तोच प्रयोग झाला, तिथे काट्यांप्रमाणे फिरलं.

नाशिकला करायचा तर काम जास्त अवघड आहे. बॉस्टन ४२ अंशांवर, तिथलं फिरणं आपल्या जवळपास दुप्पट. टाकी तळघरासारख्या एकसारख्या तापमानाच्या खोलीत हवी. एका बाजूला ऊन लागलं की पाणी आतल्या आत वाहू लागतं. वर प्लॅस्टिक ताणून लावा, पंखा बंद. बूच वरून हात घालून काढायचं नाही, नाहीतर २४ तासांची शांतता एका हिसक्यात जाते. खाली नळी जोडून तिच्या टोकाचं बूच बाहेरून उघडायचं. फिरणं दिसायला भोकावर काड्यांची छोटी फुली तरंगती ठेवा. आणि खरी परीक्षा अशी: एकदा सुलटं भरून, एकदा उलटं भरून, दोन्ही वेळा एकच उत्तर यायला हवं. एकदाच केलं आणि 'बरोबर' दिशा आली तर त्याला काही अर्थ नाही, नाण्याचा छापही तेवढ्या वेळा येतो.

निफाडचा_बागवान
सिंक राहू द्या. निसर्गच्या वेळी वादळ नेमकं कुठल्या बाजूला आहे हे नुसत्या वाऱ्यावरून ओळखता आलं असतं का? मोबाईलची रेंज गेली की काहीच कळत नाही.

भोवरा
येतं. वाऱ्याला पाठ करून उभे राहा. आपल्या गोलार्धात वादळाचा मध्य डाव्या हाताला असतो. जमिनीवर घर्षणामुळे हवा थोडी आत शिरते, म्हणून मध्य नेमका डावीकडे नसून डाव्या हाताच्या वीस-तीस अंश पुढे धरायचा.

निसर्गचंच उदाहरण. ३ जून २०२० ला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. तिथून नाशिक साधारण उत्तर-ईशान्येला. उलट्या फेऱ्यात मध्याच्या उत्तरेचा वारा पूर्वेकडून येतो, थोडा आत शिरणारा धरला तर पूर्व-ईशान्येकडून. त्याला पाठ केली की तोंड पश्चिम-नैऋत्येला, डावा हात दक्षिण-आग्नेयेला, आणि त्याच्या थोडं पुढे दक्षिण. मध्य त्याच बाजूला आहे. जमलं.

पुढे वादळ ईशान्येला सरकलं. यापुढे वारा कसा फिरतो ते बघायचं. तो पूर्वेकडून उत्तरेकडे आणि मग वायव्येकडे गेला, तर मध्य तुमच्या पूर्वेच्या अंगाने जातोय. पूर्वेकडून आग्नेय, दक्षिण असा गेला, तर पश्चिमेच्या अंगाने. दिशा तीच राहून जोर वाढत असेल, तर ते थेट तुमच्यावर येतंय.

निफाडचा_बागवान
त्या रात्री आमच्याकडे वारा उत्तरेचा झाला होता असं आठवतं, पण शेजारी म्हणतात दक्षिणेचा. दोघंही एका शिवारात.

त्रिज्या
एवढ्या जवळ दोन उत्तरं आली तर जमिनीवरचा वारा फसवतोय. टेकडी, उंच झाडी, शेडनेट वारा वळवतात आणि पावसाच्या सरीबरोबरचा झोत वेगळाच असतो. झेंडा किंवा धूर उघड्या माळावर बघा, किमान अर्धा तास, आणि सरीच्या मधल्या वेळात. खालच्या ढगांची धाव दिसत असेल तर ती जास्त भरवशाची, पण त्यांना पुढचे वीस-तीस अंश लावू नका, तिथे घर्षण कमी असतं.

सातपूरकर
म्हणजे विषुववृत्तावर f शून्य, तर तिथे चक्रीवादळ होणंच शक्य नाही. बरोबर?

त्रिज्या
साधारण ५ अंशांच्या आत होत नाहीत. वरचाच हिशेब ५ अंशांवर केला तर ३०० किमीवरून आत आलेल्या हवेला घर्षण न धरता ताशी ४० किमीच मिळतात, आणि चक्रीवादळ म्हणायला आपल्याकडे ताशी ६२ लागतात. घर्षण धरलं तर उरेल काय?

पण डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ वामेई झालं, अवघ्या १.४ अंशांवर.

सातपूरकर
मग तुमचा हिशेब गेला की बाराच्या भावात!

त्रिज्या
तिथे पृथ्वीकडून ताशी ११-१२ किमी एवढंच मिळतं. बाकीचं फिरणं आयतं होतं. बोर्निओजवळ आधीपासून एक भोवरा होता आणि दक्षिण चीन समुद्रातून आलेला थंड वाऱ्याचा लोट तिथल्या अरुंद समुद्रात वळून त्याला गिरकी देत होता. फिरलं काट्यांच्या उलटच.

भोवरा
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. तो भोवराही शेवटी उत्तर गोलार्धातला, त्याचं फिरणं कुठून आलं? वाऱ्याचा लोट हिवाळी मोसमी वाऱ्यांचा, त्यांची वाट कोरिऑलिसनेच वळवलेली. म्हणजे आयतं होतं असं म्हणताना ते कुणाच्या घरून आलं हेही बघायला हवं.

त्रिज्या
बेटांच्या आणि डोंगरांच्या आडोशाचा वाटा तुम्ही सोडताय. तोच वारा सपाट समुद्रावर असता तर ती गिरकी पडली असती का?

पाथर्डीफाटा
तुमचं चालू द्या. मी पाण्याची टाकी बघायला निघालो. सहा फुटी मिळत नाहीये, चार फुटी चालेल का?

त्रिज्या
चालेल. पण भोक त्या मानाने बारीक ठेवा, रिकामं व्हायला पंधरा मिनिटांच्या आत लागत असतील तर भोक मोठं झालं. आणि बूड पाणसाळ लावून सपाट करा, कललेल्या टाकीत पाणी कललेल्या बाजूने फिरतं आणि आपण उगाच पृथ्वीला श्रेय देतो.